दोनास एक, तरी गल्ला रिकामा

तालुक्याच्या गावातलं पंप आणि पाइपांचं एक दुकान समजू. दुकान काल्पनिक आहे, पण असा ताळेबंद कुठल्याही सीएच्या टेबलावर सापडेल. 31 मार्चला दुकानात 32 लाखांचा माल आहे, गिऱ्हाइकांकडून 30 लाख येणं आहे आणि गल्ला व बँक मिळून 2 लाख आहेत. ही झाली 64 लाखांची चालू मालमत्ता. समोर पुरवठादारांचं देणं 16 लाख आणि बँकेचं कॅश क्रेडिट 16 लाख, म्हणजे चालू देणी 32 लाख. दुकान-गोदामाची वास्तू आणि टेम्पो यांची किंमत 20 लाख. मुदत कर्ज 16 लाख, मालकाचं भांडवल 36 लाख.

बारावीच्या पुस्तकापासून बीकॉमच्या गाइडपर्यंत गुणोत्तरांची यादी असते आणि मुलं ती सूत्रांसकट पाठ करतात. पण ही गुणोत्तरं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. देणी भागतील का? पैसा अडकलाय कुठे? कर्ज पेलवेल का? आणि एवढं करून सुटतं किती? कुठलं गुणोत्तर कुठल्या प्रश्नाचं, हे कळलं की निम्मं पाठांतर वाचतं.

पहिला प्रश्न रोखतेचा.

चालू गुणोत्तर = चालू मालमत्ता ÷ चालू देणी

64 भागिले 32, म्हणजे 2. एक रुपया देण्यामागे दोन रुपये उभे आहेत. पुस्तकं आदर्श म्हणतात तो आकडा नेमका हाच. मालाला गिऱ्हाईक कधी मिळेल याचा नेम नसतो, म्हणून तो वगळून दुसरं गुणोत्तर काढतात.

द्रुत गुणोत्तर = (चालू मालमत्ता − साठा) ÷ चालू देणी

32 भागिले 32, म्हणजे 1. हेही पुस्तकातल्यासारखं. परीक्षेत इथे ‘रोखता समाधानकारक’ असं लिहून पूर्ण गुण मिळतील. पण मालकाच्या हाताशी 2 लाख आहेत आणि 16 लाखांची बिलं पुढच्या दोन महिन्यांत भरायची आहेत. गुणोत्तर खोटं बोलत नाही. मालमत्ता देण्याच्या दुप्पट आहे एवढंच ते सांगतं. तिचे पैसे कधी होतील याबद्दल ते गप्प असतं.

शिवाय हा आकडा एका दिवसाचा असतो. समजा, 8 लाखांचे पाइप उधारीवर मागवलेत. ट्रक 30 मार्चला उतरला तर चालू मालमत्ता 72 लाख आणि देणी 40 लाख होऊन गुणोत्तर 1.8 वर येतं. तोच ट्रक 2 एप्रिलला आला, तर ताळेबंदात 2 कायम. धंद्यात काडीचा फरक नाही. मार्चअखेर खरेदी पुढे ढकलून आकडे सजवण्याची युक्ती जुनी आहे आणि बँकेचे अधिकारी ती ओळखून असतात, म्हणूनच ते एप्रिल-मेचं स्टॉक स्टेटमेंटही मागतात.

दुसऱ्या प्रश्नासाठी नफा-तोटा पत्रक उघडावं लागतं. वर्षाची विक्री 120 लाख, सगळी उधारीवर धरू. विकलेल्या मालाची मूळ किंमत 96 लाख. वर्षारंभीचा साठाही 32 लाखच होता असं मानलं, तर खरेदीही 96 लाखच. ‘उलाढाल इतक्या वेळा’ असं सांगण्यापेक्षा दिवसांत सांगितलं की पटकन कळतं.

वसुलीचे दिवस = येणी ÷ उधार विक्री × 365

उत्तर 91. म्हणजे आज विकलेल्या पंपाचे पैसे तीन महिन्यांनी हातात. याच पद्धतीने साठ्याला मूळ किमतीने भागलं तर 122 दिवस येतात. माल गोदामात चार महिने पडून. पुरवठादारांच्या देण्याला खरेदीने भागलं तर 61 दिवस. आता 122 अधिक 91, वजा 61: बाकी 152. पुरवठादाराला पैसे दिल्यापासून ते गिऱ्हाइकाकडून परत येईपर्यंत पाच महिने जातात. गल्ला रिकामा का, ते या आकड्यात आहे. त्यातही पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर 2006 च्या कायद्यानुसार लेखी करार असला तरी 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात, मग 61 दिवसांची सवलतही टिकत नाही.

येणी वयानुसार लावून पाहिली तर आणखी उलगडा होतो. समजा, 30 पैकी 9 लाख सहा महिन्यांहून जुने निघाले. ते वगळले की द्रुत गुणोत्तर 0.72 वर येतं. बँकाही कर्जमर्यादा ठरवताना जुनी उधारी सहसा धरत नाहीत. अनेक ठिकाणी 90 दिवसांची रेघ असते.

मात्र 122 दिवसांवरून मालकाला लगेच दोष देऊ नये. पंपांचा हंगाम उन्हाळ्याचा, त्यामुळे मार्चअखेर गोदाम भरलेलं असणारच. पुस्तक म्हणतं, आरंभीच्या आणि अखेरच्या साठ्याची सरासरी घ्या. पण दोन मार्चची सरासरीही मार्चचीच. बारा महिन्यांच्या साठ्याची सरासरी काढली, तरच खरे दिवस कळतील.

कर्जाचं थोडक्यात सांगतो, कारण इथे दुकान ठीक आहे. मुदत कर्ज भागिले भांडवल, म्हणजे 0.44. बँक मात्र पुरवठादार आणि कॅश क्रेडिट धरून सगळी बाहेरची देणी भांडवलाशी ताडते: 48 भागिले 36, म्हणजे 1.33. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. कुठली व्याख्या घेतली ते लिहायचं. व्याजापूर्वीचा नफा 12 लाख आणि व्याज 3.6 लाख, म्हणजे व्याज सव्वातीन पट पेलतं.

उरला नफा. व्याज जाऊन 8.4 लाख राहतात (प्राप्तिकर बाजूला ठेवू). विक्रीवर 7 टक्के, मालकाच्या भांडवलावर 23 टक्के. एवढं व्याज कुठली मुदत ठेव देत नाही, असं मालक म्हणेल. पण सकाळी नऊपासून गल्ल्यावर तोच बसतो आणि त्याचा पगार खर्चात कुठेच नाही. त्या कामाला महिना 40 हजारांचा माणूस ठेवला तर वर्षाचे 4.8 लाख गेले. उरले 3.6 लाख, म्हणजे भांडवलावर 10 टक्के. मालकी दुकानाची तुलना कंपनीशी करताना ही दुरुस्ती केली नाही, तर दुकान उगाच सरस दिसतं. कंपन्यांना 2021-22 पासून हिशेबाच्या टिपांमध्ये अशी अकरा गुणोत्तरं छापावी लागतात आणि एखादं गुणोत्तर वर्षात 25 टक्क्यांहून अधिक हललं तर कारण द्यावं लागतं. विद्यार्थ्यांनी ती कारणं जरूर वाचावीत. सूत्रांपेक्षा तिथे जास्त शिकायला मिळतं.

आता मालकाने वसुली 91 वरून 60 दिवसांवर आणली असं धरू. येणी सुमारे 20 लाखांवर येतील. सुटलेले 10 लाख कॅश क्रेडिटमध्ये भरले, तर चालू मालमत्ता 54 लाख, देणी 22 लाख आणि गुणोत्तर 2.45. व्याजात वर्षाला सव्वा लाखाच्या आत-बाहेर, नेमके 1.12 लाख वाचतील. पण उधारी आखडली की काही गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात जातात. विक्रीवर ढोबळ नफा 20 टक्के आहे, म्हणजे 5.6 लाखांची विक्री गेली की वाचलेलं व्याज तिथेच फिटलं. त्याहून कमी गिऱ्हाइकी तुटणार असेल, तर वसुलीचा तगादा लावायला हरकत नाही. जास्त तुटणार असेल, तर आधी त्या जुन्या 9 लाखांच्या मागे लागावं, कारण ती गिऱ्हाइकं गेली तरी नुकसान नाही.