फेरफाराची नोंद आणि मालकी हक्क: सुपा तालुक्यातील काही गैरसमज

सुपा, म्हणजेच आजचा जोयडा तालुका, येथे पहाणीच्या उताऱ्यावर ज्याचे नाव तोच जमिनीचा मालक आणि फेरफार मंजूर झाला की वाद मिटला, अशी समजूत सर्रास आढळते. वस्तुस्थिती वेगळी आहे. फेरफार म्हणजे वारसा, खरेदी, वाटणी अशा कारणाने हक्कात झालेल्या बदलाची महसुली दप्तरातील नोंद असून, शेतसारा कोणाकडून घ्यावयाचा हे सरकारला कळावे, हा तिचा मूळ हेतू होय. तिने मालकी निर्माण होत नाही, की नष्टही होत नाही. ती अगदीच निरर्थक आहे असे मात्र नव्हे, कारण कर्नाटक भू-महसूल अधिनियम, 1964 याच्या कलम 133 प्रमाणे प्रमाणित नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते, आणि त्यामुळे ती खोटी ठरविण्याचा भार आक्षेप घेणाऱ्यावर पडतो.

समजा, एका शेतकऱ्याच्या मृत्यूनंतर थोरल्या मुलाने वडिलांचे नोंदणी न केलेले मृत्युपत्र पुढे करून सर्व जमीन आपल्या नावावर करण्याची वर्दी दिली, आणि धाकटा भाऊ व लग्न होऊन बेळगावला गेलेली बहीण यांना ते मृत्युपत्र मान्य नाही. अशी वर्दी आली की कलम 129 प्रमाणे नोंद फेरफार रजिस्टरात घेऊन तिची प्रत चावडीवर लावावी लागते आणि हितसंबंधितांना लेखी सूचना द्यावी लागते. चूक बहुधा येथेच होते, कारण बहिणीचे नाव उताऱ्यावर नसल्यामुळे तिला नोटीस पाठविण्याची गरज नाही असे गृहीत धरले जाते. वास्तविक, ज्या व्यक्तीचा हितसंबंध आहे असे मानण्यास अधिकाऱ्याला कारण आहे, तिलाही सूचना देणे कायद्याला अभिप्रेत आहे. हरकत वकिलामार्फत लेखीच द्यावी लागते, हाही गैरसमजच आहे: ती तोंडीसुद्धा घेता येते, आणि ती विवादग्रस्त प्रकरणांच्या रजिस्टरात नोंदवून हरकतदाराला पोच देणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. ही पोच प्रत्येकाने मागून घ्यावी, कारण पुढे हरकत घेतली होती की नाही यावरच वाद होतो.

हरकत आली की अधिकाऱ्याच्या कामाचे स्वरूपच बदलते. तोवर तो दप्तर सांभाळणारा असतो. आता तो अर्धन्यायिक अधिकारी, म्हणजे प्रशासनात राहून न्यायाधीशासारखा निवाडा देणारा अधिकारी होतो. त्याला दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात, कागद तपासावे लागतात आणि कारणे देऊन आदेश लिहावा लागतो. म्हणून वरिष्ठाकडून किंवा लोकप्रतिनिधीकडून फोन करवला की तहसीलदार नोंद बदलून देईल, ही अपेक्षा कायद्याच्या विरुद्ध आहे. वरिष्ठ अधिकारी तो निर्णय फिरवू शकतो, पण केवळ अपिलात किंवा पुनरीक्षणात, आणि तेही दोन्ही पक्षांना ऐकूनच.

तथापि या न्यायाधीशपणाला सीमा आहे. मृत्युपत्र खरे की बनावट, हा मालकीचा प्रश्न असून तो महसूल अधिकाऱ्याने सोडवावयाचा नाही. जितेंद्र सिंह विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या 2021 च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, विशेषतः मृत्युपत्राच्या आधारे सांगितलेल्या हक्काबद्दल वाद असेल, तर हक्क सांगणाऱ्याने दिवाणी न्यायालयातून तो ठरवून घ्यावा आणि त्यानंतर फेरफार करून घ्यावा. म्हणून वरील उदाहरणात थोरल्याच्या एकट्याच्या नावावर झालेली नोंद वाद समोर असूनही केली गेली असेल, तर ती अपिलात टिकणे कठीण.

अपिलाविषयीचा गोंधळ मोठा आहे, आणि त्याला इतिहास आहे: सुपा ज्यात येतो तो जिल्हा 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता, आणि अजूनही मराठी वाचक महाराष्ट्राच्या नियमांची पुस्तके वाचून एकामागून एक अपिलांची शिडी येथेही गृहीत धरतात. कर्नाटकात कलम 136 प्रमाणे फेरफाराविरुद्ध अपील उपविभागाच्या सहायक आयुक्ताकडे, आदेश कळविल्यापासून किंवा प्रमाणित नोंदीची माहिती झाल्यापासून 60 दिवसांत करावयाचे असते, आणि त्याचा निर्णय अंतिम मानला जातो. त्यानंतर दुसरे अपील नाही. कारवारच्या जिल्हाधिकाऱ्याला मात्र स्वतःहून किंवा पक्षकाराच्या अर्जावरून दप्तर मागवून पुनरीक्षण करता येते. पुढची वाट उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठापुढील रिट याचिकेची, आणि तेथेही सहसा कार्यपद्धती व अधिकारमर्यादा तपासली जाते, मालकी ठरत नाही. बेळगावच्या बहिणीला नोटीस मिळालीच नसेल, तर तिची मुदत नोंद कळल्या दिवसापासून मोजली जाईल. म्हणून उतारा कधी व कोठून मिळाला याचा पुरावा तिने जपून ठेवावा.

या सर्व पायऱ्यांवर हरलेला पक्ष जमीन गमावून बसतो, हा शेवटचा आणि सर्वांत घातक गैरसमज होय. कलम 135 प्रमाणे केवळ नोंद बदलण्यासाठी सरकार किंवा अधिकाऱ्यावर दावा चालत नाही, पण ज्याच्या हक्काला नोंदीने बाध येतो त्याला हक्क नाकारणाऱ्याविरुद्ध दिवाणी न्यायालयात हक्कघोषणेचा दावा करता येतो, आणि तेथील निकालाप्रमाणे महसुली नोंद दुरुस्त करणे बंधनकारक असते.