एका अक्षराची वाचलेली पेशी

सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी ॲन्टासिडबरोबर घेऊ नका, असे डॉक्टर बजावतात. ॲन्टासिडमधले मॅग्नेशियम पोटातच या औषधाला धरून ठेवते आणि ते रक्तात पुरेसे उतरत नाही. गंमत अशी, की मॅग्नेशियमला धरायच्या याच खोडीवर औषधाचा सगळा पराक्रम उभा आहे.

ई. कोलाय हा जिवाणू जेमतेम दोन मायक्रॉन लांब, पण त्याचा डीएनए सुमारे दीड मिलिमीटर. त्याची प्रत काढताना धागे उलगडू लागले की पुढच्या भागात सुतळीसारखा पीळ चढत जातो. तो सोडवायला ‘जायरेज’ हे विकर डीएनएचे दोन्ही धागे कापते, त्या फटीतून डीएनएचा दुसरा भाग पलीकडे काढते आणि टोके पुन्हा सांधते. कापून झाले आहे, सांधायचे बाकी आहे, अशा वेळी सिप्रो मध्ये घुसते. मॅग्नेशियमच्या आधाराने ते जायरेजच्या दोन ठरावीक अमिनो आम्लांना धरून बसते. टोके सांधली जात नाहीत, डीएनए तुटतो, जिवाणू मरतो. माणसाच्या पेशीतही असे कापून सांधणारे विकर आहे, पण त्या जागी ही आम्ले नाहीत, त्यामुळे औषधाला पकडच मिळत नाही. जिवाणू तरी काय वेगळे करतो? त्या दोहोंतले एक, सेरीन, बदलले की त्यालाही सिप्रो फारसे बाधत नाही.

जेंटामायसिनचा नेम प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमवर असतो. जिवाणूच्या रायबोसोमच्या आरएनएमध्ये १४०८ व्या जागी ॲडेनिन हे अक्षर असते. माणसात तिथे ग्वानिन. ॲडेनिनपाशी जेंटामायसिन घट्ट बसते. मग रायबोसोम योग्य-अयोग्य अमिनो आम्लांतला फरक नीट ओळखत नाही, सदोष प्रथिने तयार होतात आणि ती जिवाणूच्या आवरणात शिरून ते खिळखिळे करतात.

माणसाच्या संरक्षणात मात्र एक भोक आहे. आपल्या पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांचे पूर्वज जिवाणूच होते. त्यांचे रायबोसोम वेगळे असतात आणि त्या जागी अजूनही ॲडेनिनच आहे. एरवी आजूबाजूची रचना थोडी निराळी असल्याने निभावते. पण काहींना आईकडून एक उत्परिवर्तन मिळते: मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत १५५५ व्या जागी ॲडेनिनऐवजी ग्वानिन. मग तिथली घडण जिवाणूसारखी होते आणि जेंटामायसिनच्या एखाद्या डोसनेही कायमचे बहिरेपण येऊ शकते. कानातल्या केसपेशी पुन्हा उगवत नाहीत.

नवजात बाळाच्या रक्तात जंतुसंसर्गाचा संशय आला, की जेंटामायसिन तासाभरातच द्यावे लागते. नेहमीच्या जनुकचाचणीला काही दिवस लागतात. म्हणून मँचेस्टरच्या डॉक्टरांनी बाळाच्या गालाच्या आतून बोळा फिरवून २६ मिनिटांत हे उत्परिवर्तन ओळखणारी चाचणी वापरून पाहिली. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या बाळात ते सापडेल, त्याला दुसरे प्रतिजैविक देता येते.