आत किती माणसं आहेत?

आगीची वर्दी मिळून बंब पोहोचला की अग्निशमन अधिकारी दारातल्या माणसाला पहिला प्रश्न विचारतो, ‘आत कोणी आहे का?’ या उत्तरावर आपली माणसं धुरात पाठवायची की बाहेरूनच पाणी मारायचं, हे ठरतं. बहुतेक ठिकाणी उत्तर मिळतं ते ‘साहेब, नसावं बहुतेक’ असं. वास्तविक मोठ्या प्रदर्शनात हल्ली प्रत्येक तिकिटावर क्यूआर कोड असतो, दारातला मुलगा तो मोबाइलवर स्कॅन करतो आणि वेळेसकट नोंद होते. मग आत किती माणसं आहेत, हे क्षणाक्षणाला का सांगता येऊ नये?

सांगता येतं, पण त्यासाठी बाहेर पडणारेही मोजावे लागतात. आत येताना तिकीट दाखवावंच लागतं. बाहेर जाताना कोणी थांबत नाही. म्हणून बाहेरच्या दारावर चौकटीवरून खाली बघणारा कॅमेरा बसवतात. तो डोकी मोजतो. आलेल्यांतून गेलेले वजा केले की आत उरलेल्यांचा आकडा मिळतो. हिशेब पहिलीतल्या पोराचा, पण त्यात एक खोच आहे.

समजा, गोरेगावला गृहसजावटीचं प्रदर्शन भरलंय आणि बाहेरच्या दारावरचा कॅमेरा शंभरातले तीन जण चुकवतो. बायका घोळक्यानं निघतात, बापाच्या कडेवर मूल असतं; एवढी चूक व्हायचीच. दुपारी तीनपर्यंत ६,००० आले, ३,६०० गेले. आत खरे २,४००. कॅमेऱ्याकडून १०८ सुटले, म्हणून पडद्यावर दिसतात २,५०८. फारसं बिघडत नाही. पण रात्री पावणेआठला ९,००० आलेले आणि ८,८०० गेलेले असतात. आत उरलेत २००, सुटलेले मात्र २६४ झालेत. पडदा सांगतो ४६४! दालन रिकामं होत जातं तशी चूक कमी होत नाही, साचतच जाते. त्या वेळी आग लागली तर अर्ध्याहून जास्त माणसं नुसती कागदावरची, आणि त्यांना शोधायला जवान धुरात शिरणार.

उलट चूक याहून वाईट. पासवाले, बिनतिकिटाची लहान मुलं, मागच्या दारानं सामान आणणारे सुतार आणि केटररची पोरं यांची दारावर नोंदच होत नाही. ते बाहेर पडताना मात्र मोजले जातात. मग आत माणसं असतानाही आकडा शून्याच्या खाली जाऊ शकतो. उणे आकडा दिसला की कुठलं तरी दार मोजणीतून सुटलंय हे लगेच कळतं. एरवी चूक पकडायची वेळ एकच. रात्री पहारेकऱ्यानं दालन रिकामं असल्याची खात्री केली की पडद्यावर उरलेला आकडा वहीत लिहायचा आणि मोजणी शून्यावर आणायची. तो उरलेला आकडा म्हणजे त्या दिवसाची चूक. आठवडाभराच्या अशा नोंदी हाताशी असल्या की ‘चारशे’ म्हणजे खरे किती, याचा अंदाज सांगता येतो. हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच बहुधा कोणी करत नाही.

एकूण आकडा बरोबर असला तरी भागत नाही. १९८९ मध्ये इंग्लंडमधल्या हिल्सबरो मैदानात ९७ जणांचा बळी घेणारी चेंगराचेंगरी झाली. तिथली फिरती दारं एका टोकाच्या सगळ्या प्रेक्षकांची मिळून मोजणी करत. त्यातल्या कुठल्या कप्प्यात किती, हे त्यांना कळत नसे. शिवाय गर्दी हलकी करायला एक मोठं दार उघडलं गेलं आणि दोन हजारांहून अधिक माणसं न मोजता आत गेली. मधले कप्पे खच्चून भरले, तेव्हा बाजूच्या कप्प्यांत जागा होती. ते उघडं मैदान होतं, पण बंद दालनालाही हेच लागू आहे. हॉल, वरचा मजला आणि खाण्याचा भाग यांचे आकडे वेगवेगळे हवेत.

भोंगा वाजला की मोजणी तिथेच गोठवायची. आडवे फाटक आपोआप उघडले पाहिजेत आणि त्या घाईत कोणालाही स्कॅनसाठी थांबवायचं नाही. सगळी दारं उघडल्यावर कॅमेऱ्याचा हिशेब बिनकामाचा होतो. गोठलेला आकडा सुरुवातीचा. तो कुठल्या भागात आधी जायचं हे सांगतो. भाग रिकामा झाल्याची खबर तिथल्या माणसानं स्वच्छतागृहं आणि गोदामं बघूनच द्यायची.

नावानिशी हजेरी घ्यायची ती स्टॉलवाल्यांची आणि कामगारांची. प्रेक्षकांच्या यादीचा त्यासाठी उपयोग नाही, कारण बाहेर पडलेला माणूस जमायच्या जागी उभा राहत नाही, रिक्षा पकडून घरी जातो. आणि ही सगळी माहिती कंट्रोल रूमच्या एकाच संगणकावर असली तर वीज जाताच संपली. दर मिनिटाला तिची प्रत बाहेरच्या गेटवरच्या सुपरवायझरच्या मोबाइलवर जायला हवी, म्हणजे अधिकाऱ्यानं विचारलं की तो सांगू शकेल: ‘सात पंचेचाळीसचा आकडा, वरच्या मजल्यावर साठ, आमची मोजणी नेहमी जास्तच दाखवते.’