रिक्रूटरच्या पहिल्या फोनवर काय सांगावं?

नोकरी डॉट कॉमवर बायोडेटा अपडेट केला की अनोळखी नंबरांवरून फोन सुरू होतात. "आता दहा मिनिटं बोलता येईल का?" एवढं विचारून झालं की लगेच प्रश्न येतो, "टेल मी अबाउट युअरसेल्फ." पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत नोकरी शोधणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न माहीत असतो. तरीही पुष्कळ जण उत्तराची सुरुवात गाव, आईवडील आणि दहावीचे टक्के इथूनच करतात.

हे का चुकतं, ते फोनच्या पलीकडे पाहिलं की कळतं. रिक्रूटरसमोर त्या जागेची माहिती, म्हणजे जेडी, उघडी असते आणि शेजारी एक एक्सेल शीट. त्यात रकाने ठरलेले: एकूण अनुभव, त्यातला या कामाचा अनुभव, सध्याचं पॅकेज, अपेक्षित पॅकेज, नोटीस पिरियड, शहर. शेवटचा रकाना शेऱ्याचा. तिथे दोन-तीन ओळी लिहून ती नावं टीमच्या मॅनेजरकडे पाठवते. पॅकेज नि नोटीस पिरियड ती स्वतःच विचारते. शेरा मात्र उमेदवाराच्या बोलण्यातूनच तयार होतो. उत्तर संपल्यावर तिला त्या ओळी विचार न करता लिहिता आल्या, तर उत्तर जमलं.

एक उदाहरण घेऊ. लातूरहून इंजिनिअरिंग करून पुण्यात आलेली एक टेस्टर. चार वर्षांचा अनुभव, त्यातली पहिली अडीच वर्षं मॅन्युअल टेस्टिंग आणि पुढची दीड वर्षं ऑटोमेशन. जागा आहे ऑटोमेशन टेस्टरची. जेडीत सेलेनियम, जावा आणि एपीआय टेस्टिंग मागितलंय. काळाच्या क्रमाने बोलत गेली, तर ती शाळा, कॉलेज, कॅम्पस प्लेसमेंट, मग मॅन्युअल टेस्टिंग अशी वाट चालते. सेलेनियम हा शब्द यायला दोन मिनिटं लागतात. तोवर रिक्रूटरने मनात 'मॅन्युअल टेस्टर' अशी नोंद केलेली असते.

तीच माहिती आजपासून मागे सांगितली तर चित्र बदलतं. फोनवर हे बहुधा इंग्रजीत बोललं जातं, मराठीत त्याचा ऐवज असा: "मी टेस्टिंगमध्ये चार वर्षं आहे, त्यातली शेवटची दीड वर्षं ऑटोमेशनमध्ये. सध्या एका बँकेच्या वेब ॲपवर काम करते. सेलेनियम आणि जावा वापरून मी रिग्रेशनच्या साधारण दोनशे टेस्ट केसेस ऑटोमेट केल्या. पूर्वी दर रिलीजला त्या हाताने चालवायला तीन दिवस लागायचे, आता रात्रीतून होतात. एपीआय टेस्टिंग पोस्टमनवर करते. त्याआधी अडीच वर्षं याच ॲपचं मॅन्युअल टेस्टिंग केलं, त्यामुळे बँकिंगचं काम नीट माहीत आहे. आता पूर्णवेळ ऑटोमेशनचं काम हवंय, आणि तुमच्या जेडीत तेच दिसलं."

एवढं सावकाश बोलायला मिनिटभर पुरतं. दीड मिनिटाच्या पुढे जाऊ नये. तीन दिवसांचं काम रात्रीत आलं, हे वाक्य यात सगळ्यात मोलाचं आहे. रिक्रूटर बहुधा तांत्रिक शिक्षणाची नसते. फ्रेमवर्कची नावं तिला जेडीशी जुळवता येतात, पण कामाचा फायदा तिला आपोआप समजतो आणि ती तो जसाच्या तसा मॅनेजरला कळवते. अर्थात, आकडा खराच हवा. पुढच्या फेरीत मॅनेजर नेमका त्याच आकड्यावर बोट ठेवतो.

करिअरमध्ये खंड असेल, तर तो याच उत्तरात एका वाक्यात सांगून टाकावा: "वडिलांच्या आजारपणामुळे आठ महिने घरी होते, मार्चपासून पुन्हा शोधतेय." बायोडेटात तारखा दिसतातच, लपवलेला खंड तिने विचारून काढला की उरलेला फोन त्यावरच जातो. आधीच्या मॅनेजरविषयीची तक्रार मात्र इथे नको, ती खरी असली तरी.

फोनवर चेहरा दिसत नाही, म्हणून उत्तर फसतंय हे आवाजावरूनच ओळखावं लागतं. "ओके, ओके" घाईघाईने येऊ लागलं, तर उत्तर लांबलंय. "मग तुम्ही सेलेनियमवर काम केलंय ना?" असा प्रश्न आला, तर मुख्य गोष्ट सांगायचीच राहिली आहे. अशा वेळी उरलेलं सोडून थेट त्याच प्रश्नाचं उत्तर द्यावं. सगळं पाठ केलेलं असेल, तर मध्येच टोकल्यावर सूत सापडत नाही. म्हणून मुद्दे चार शब्दांत कागदावर लिहून जवळ ठेवावेत. फोनवर कागद पाहता येतो, ही सोय पुढच्या फेऱ्यांत मिळत नाही.

या उत्तराची मर्यादाही ठाऊक असावी. कंपनीला माणूस तीस दिवसांत हवा असेल आणि नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा असेल, किंवा अपेक्षित पॅकेज बजेटबाहेर असेल, तर उत्तम उत्तरानेही गाडी पुढे सरकत नाही. त्यामुळे फोन ठेवण्याआधी उमेदवारानेही विचारून घ्यावं: जागेचं बजेट किती, माणूस कधीपर्यंत हवा, आणि पुढची फेरी कोण घेणार.