मार्चचं बिल, एप्रिलचं क्रेडिट

2024-25 च्या वार्षिक विवरणपत्रात, म्हणजे जीएसटीआर-9 मध्ये, 6ए1 नावाची एक छोटी ओळ आली. आदल्या वर्षाच्या बिलांचं जे क्रेडिट यंदा घेतलं, ते वेगळं दाखवण्याची ही जागा. ज्या फरकापोटी छोट्या व्यापाऱ्यांनी नोटिसांना उत्तरं दिली, त्यातला मोठा भाग या ओळीनं सुटतो. ती यायला आठ वर्षं लागली, आणि तोवर फॉर्ममधल्या उणिवेचा जाब व्यापाऱ्यालाच द्यावा लागला, ही माझी तक्रार आहे.

व्हॅटच्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. महाराष्ट्रात 704 चा ऑडिट अहवाल जात असे आणि तो सीएच्या टेबलावर तयार होई. 2017 च्या जुलैत जीएसटी आला तो मात्र एक आश्वासन घेऊन आला. विक्रेत्याचं बिल जीएसटीआर-1 मधून आपोआप खरेदीदाराच्या जीएसटीआर-2 मध्ये येणार, तिथं दोघांचं जुळणार आणि त्यावर जीएसटीआर-3 बनणार. ही साखळी काही महिन्यांतच थांबली आणि तात्पुरता म्हणून आणलेला 3बी कायमचा झाला. मला या आश्वासनाचं खरंच वाईट वाटतं, कारण महिन्याचं जुळवणं गेलं आणि सगळी जुळवाजुळव वर्षाअखेरीच्या फॉर्मवर येऊन पडली. पहिल्या वर्षाचा, 2017-18 चा, फॉर्म भरण्याची मुदत वाढत वाढत फेब्रुवारी 2020 पर्यंत गेली. पुढे दोन कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना 9 मधून सूट मिळाली. पाच कोटींवरच्यांना 9सी हा ताळमेळ तक्ता कायम राहिला, पण 2020-21 पासून त्यावरची सीएची सही गेली आणि व्यापाऱ्यानं स्वतःच प्रमाणित करायचं ठरलं.

फरक पडतो कसा, ते पाहू. इचलकरंजीत यंत्रमागाचे सुटे भाग विकणारा, सहा कोटी उलाढालीचा एखादा व्यापारी कल्पून बघा. 28 मार्च 2024 च्या बिलानं त्यानं पाच लाखांचा माल मागवला, त्यावर कर 90,000 रुपये. माल पोचला 3 एप्रिलला आणि विक्रेत्यानं बिल दाखवलं एप्रिलच्या जीएसटीआर-1 मध्ये. खातेवहीत ही खरेदी मार्चची, टूबीत एप्रिलची. क्रेडिट मात्र माल हाती आल्याखेरीज घेता येत नाही, असं कायदाच सांगतो. म्हणून त्यानं ते एप्रिलच्या 3बीत घेतलं. एकही पाऊल चुकलेलं नाही. तरी 2023-24 च्या जीएसटीआर-9 मध्ये 8ए म्हणजे त्या वर्षाची टूबी, तिच्यात हे बिल नाही. 8सीमध्ये, पुढच्या वर्षी घेतलेलं म्हणून, 90,000 लिहायचे. बाकी बरोबर जुळलं तरी 8डीत उणे 90,000 उरतात आणि तपासणाऱ्याला ते जादा घेतलेलं क्रेडिट वाटतं. 9सीत मात्र हेच 90,000 बारा क्रमांकाच्या तक्त्यात 12सीला वजा होतात आणि फरक शून्य येतो. एकाच बिलाबद्दल दोन तक्ते दोन गोष्टी सांगतात! 2024-25 मध्ये हे 90,000 सहा क्रमांकाच्या तक्त्यात 3बीवरून आपोआप येतात. तिथे पूर्वी ते चालू वर्षाच्या क्रेडिटमध्ये मिसळून जात, आता 6ए1 मधून बाजूला निघतात. शिवाय पुढच्या एप्रिल ते ऑक्टोबरच्या टूबीतली त्या वर्षाची बिलंही आता 8एमध्ये येतात.

यावर अधिकारी म्हणतील, ढिलाई दिली तर बनावट बिलांना रान मोकळं होईल. मुद्दा रास्त आहे. कागदावरच्या फर्मांनी महसूल बुडवला आहे. पण बनावट बिल आणि उशिरा दिसलेलं बिल ओळखायला खातेवही आणि पोर्टलवरची माहिती पुरते. 8एची बिलवार यादी उतरवून घ्या, खातेवहीतली मार्चच्या शेवटच्या दहा दिवसांची जी खरेदी तिच्यात नाही ती बाजूला काढा आणि पुढच्या एप्रिल ते ऑक्टोबरच्या टूबीत तेच बिल नंबर शोधा. सापडलं, तर फरक फक्त तारखेचा. नाहीच सापडलं, तर विक्रेत्याला विचारायला हवं, कारण 2022 पासून टूबीत नसलेल्या बिलाचं क्रेडिट मिळत नाही. ही चाळणी नोटीस काढण्याआधी खात्यालाही लावता आली असती.

जुन्या वर्षांचा हिशेब मात्र चुकता झालेला नाही. 2017-18 ते 2020-21 ची बिलं उशिरा दाखवून घेतलेलं क्रेडिट कलम 16(5) नं 2024 मध्ये मान्य केलं, अट एवढीच की ते 30 नोव्हेंबर 2021 पर्यंतच्या विवरणपत्रात घेतलेलं असावं. पण त्याच कायद्यानं, ज्यांनी नोटीस आली तेव्हा मुकाट्यानं रक्कम भरली, त्यांना ती परत देण्यास नकार दिला. भांडत राहिलेल्याचा लाभ झाला, ऐकणाऱ्याचा नाही.