२०२२ चे उत्तर १९६७ पासून का सुरू होऊ नये

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत १५ गुणांच्या प्रश्नाला २५० शब्द मिळतात आणि वेळ दहा-अकरा मिनिटे. समजा प्रश्न आला : 'महाराष्ट्रातील २०२२ च्या सत्तासंघर्षाच्या संदर्भात पक्षांतरबंदी कायद्याच्या परिणामकारकतेचे परीक्षण करा.' बहुतेक उमेदवार हातासरशी १९६७ गाठतात. हरियाणाचे गयालाल, पंधरवड्यात तीनदा पक्षबदल, 'आया राम, गया राम'. मग यशवंतराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखालची समिती, १९८५ ची ५२ वी घटनादुरुस्ती, दहावे परिशिष्ट. सगळे खरे, पण निम्मे उत्तर संपले तरी २०२२ आलेलेच नसते.

गयालाल एकटे पक्ष बदलत होते. २०२२ च्या जूनमध्ये एकनाथ शिंदे यांच्यासोबत शिवसेनेचे बहुसंख्य आमदार गेले आणि त्यांचे म्हणणे होते, 'आम्ही पक्ष सोडलेलाच नाही, पक्ष आम्हीच आहोत.' वाद पक्ष सोडण्याचा नव्हता, पक्ष कोणता हे ठरवण्याचा होता. त्यामुळे पार्श्वभूमी शोधायची ती या युक्तिवादाची. हा दावा करण्याची वेळ आमदारांवर का आली?

उत्तर २००३ मध्ये सापडते. मूळ दहाव्या परिशिष्टात एक सोय होती : विधिमंडळ पक्षाचे एक-तृतीयांश सदस्य फुटले तर ती 'फूट' मानून त्यांना अपात्रतेतून वगळले जाई. छगन भुजबळ १९९१ मध्ये शिवसेनेतून बाहेर पडले तेव्हा ही वाट कायद्यात होती. एकट्याने पक्ष बदलला तर आमदारकी जाई, टोळीने बदलला तर वाचे, हा त्यातला विनोद सर्वांनाच कळत होता. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ही तरतूद काढून टाकली. उरले ते दोन-तृतीयांशांच्या पाठिंब्याचे विलीनीकरण, म्हणजे दुसऱ्या पक्षात मिसळून जाणे. ज्यांना मिसळायचे नाही आणि आमदारकीही ठेवायची आहे, त्यांना एकच भूमिका शिल्लक राहिली : मूळ पक्ष आमचाच.

हा दुवा हाती लागला की उत्तर आपोआप पुढे सरकते. उत्तरपत्रिकेत तो साधारण असा उतरावा :

'९१ व्या घटनादुरुस्तीने (२००३) एक-तृतीयांश फुटीचे संरक्षण रद्द केल्याने फुटीर गटांचा युक्तिवाद बदलला. आता ते मूळ पक्षावरच हक्क सांगतात. सुभाष देसाई प्रकरणात (२०२३) सर्वोच्च न्यायालयाने फुटीचा बचाव उपलब्ध नसल्याचे आणि प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाला नसून राजकीय पक्षाला असल्याचे स्पष्ट केले. तरीही अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडेच राहिला. जानेवारी २०२४ च्या निकालात त्यांनी शिंदे गटाला खरी शिवसेना ठरवले आणि दोन्हीकडच्या कोणत्याही आमदाराला अपात्र केले नाही.'

पन्नास-साठ शब्दांत इतिहास, घटना आणि टीकेची जागा तिन्ही आले. यापुढचा परिच्छेद अध्यक्षांवर जावा. त्याची मुळेही १९६७ मध्ये नाहीत. किहोटो होलोहान खटल्यात (१९९२) न्यायालयाने अध्यक्षांचा अधिकार मान्य केला, पण त्यांचा निर्णय न्यायालयीन पुनर्विलोकनाच्या कक्षेत आणला. परिशिष्टात मात्र निर्णयाला मुदत कधीच नव्हती. इथे वेळच्या वेळी निर्णय न होण्याचा मुद्दा नेमका बसतो.

आपण लिहिलेला इतिहास कामाचा आहे की शोभेचा, हे तपासायला सोपी रीत आहे. ते वाक्य पेन्सिलीने खोडून पुढचा परिच्छेद वाचावा. युक्तिवाद जराही लंगडा झाला नाही, तर ते वाक्य शोभेचे. गयालालांचे वाक्य या चाचणीत बहुधा गळते, ९१ व्या दुरुस्तीचे टिकते. साल लिहिले आणि त्यापुढे 'त्यामुळे' लिहिता आले नाही, तर तिथेही संशय घ्यावा.

कोण गद्दार, कोण खरा वारस, हे परीक्षकाने विचारलेले नसते. व्यक्तींची नावे ओळख पटण्यापुरती यावीत; बाकी वाक्यांचे कर्ते 'अध्यक्ष', 'राज्यपाल', 'गट' असे पदानेच असलेले बरे.

प्रश्नाचा रोख बदलला की त्याच घटनेचा इतिहासही बदलतो. राज्यपालांच्या भूमिकेवर विचारले, तर मागे जायचे ते १९९४ च्या बोम्मई निकालापर्यंत, जिथे बहुमताचा फैसला राजभवनात नव्हे तर सभागृहात व्हावा असे ठरले. २०२३ च्या निकालात उद्धव ठाकरे यांना बहुमत चाचणीला सामोरे जाण्यास सांगणे न्यायालयाने चुकीचे ठरवले, पण त्यांनी चाचणीआधीच राजीनामा दिल्याने त्यांचे सरकार परत आणता येणार नाही असेही म्हटले. पक्षनाव आणि धनुष्यबाण यांवर विचारले, तर १९६८ चा निवडणूक चिन्ह आदेश आणि काँग्रेसच्या १९६९ च्या फुटीतून उभा राहिलेला सादिक अली खटला. तिथे ९१ व्या दुरुस्तीलाही एखाद्या ओळीपलीकडे जागा नाही.