किमतीत दडलेलं पुढच्या वर्षीचं व्याज

हाताशी लाखभर रुपये आहेत आणि दोन वर्षं तरी त्यांची गरज नाही. एक वर्षाची एफडी करून मग ती पुन्हा फिरवायची, की आताच दोन वर्षांची करून टाकायची? या प्रश्नावर घरातलं बोलणं हमखास एकाच वळणावर जातं. एक म्हणतो, व्याजदर वाढणार आहेत, थांबू. दुसरा म्हणतो, उतरणार आहेत, आत्ताच अडकवून टाकू. वाढेल की उतरेल यावर तासभर वाद होतो, पण ‘किती वाढला तर थांबण्यात फायदा?’ हे कोणी विचारत नाही. हा ‘किती’ मात्र नेमका काढता येतो. रोख्यांच्या बाजारात तो दोन किमतींच्या मधे लपलेला असतो आणि एका भागाकारानं बाहेर येतो. त्यालाच गर्भित फॉरवर्ड दर म्हणतात.

त्यासाठी आधी अगदी साधा रोखा घेऊ. शून्य कूपन रोखा, म्हणजे झिरो कूपन बाँड, मधे एक रुपयाही व्याज देत नाही. आज कमी किमतीला घ्यायचा आणि मुदत संपली की दर्शनी किंमत पदरात पाडून घ्यायची. आपल्या व्यापाऱ्यांना हे नवं नाही. मुद्दती हुंडी अशीच मुदतीआधी बट्टा कापून वटवली जायची. आज भारत सरकार ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची ट्रेझरी बिलं याच पद्धतीनं विकतं. रिझर्व्ह बँक त्यांचे लिलाव सहसा बुधवारी करते. त्याहून लांब मुदतीसाठी स्ट्रिप्स असतात. सहामाही व्याज देणारा दहा वर्षांचा सरकारी रोखा सोलून त्याच्या व्याजाचे वीस हप्ते आणि मुद्दल असे एकवीस तुकडे करतात. प्रत्येक तुकडा मग स्वतंत्र शून्य कूपन रोखा होतो. अमेरिकेत ही सोय १९८५ मध्ये आली, भारतात २०१० मध्ये.

अशा रोख्यावर व्याजदर छापलेला नसतो, तो किमतीतून काढावा लागतो. समजा, बाजारात शंभर रुपये दर्शनी किमतीचे तीन रोखे आहेत. हिशेब कळावा म्हणून आकडे मी सोपे घेतले आहेत. एक वर्षाचा ९४ रुपयांना मिळतो, दोन वर्षांचा साडेसत्याऐंशीला आणि तीन वर्षांचा ८१ ला.

पहिल्याचा हिशेब तोंडी होतो. ९४ चे वर्षात १०० होतात. १०० ला ९४ नं भागलं की १.०६३८ येतात, म्हणजे ६.३८ टक्के. दुसऱ्यात ८७.५० चे १०० व्हायला दोन वर्षं लागतात. भागाकार १.१४२९ येतो. ही दोन वर्षांची मिळून वाढ आहे, म्हणून तिचं वर्गमूळ घ्यायचं. ते १.०६९० येतं, म्हणजे वर्षाला ६.९० टक्के. तिसऱ्यात तीन वर्षं आहेत म्हणून घनमूळ, आणि दर ७.२८ टक्के. हे झाले एक, दोन आणि तीन वर्षांचे स्पॉट दर: आज पैसे द्यायचे, मधे काहीही घ्यायचं नाही आणि ठरलेल्या दिवशी एकदम परत घ्यायचे, अशा व्यवहाराचा वर्षाचा चक्रवाढ दर.

आता एफडीवाल्या प्रश्नाकडे येऊ. दोन वर्षांचा रोखा वर्षाला ६.९० देतो, एक वर्षाचा ६.३८. मग दुसऱ्या वर्षाच्या वाट्याला काय आलं? दोन किमतींचा सरळ भागाकार करा. ९४ ला ८७.५० नं भागलं की १.०७४३ येतात. म्हणजे एका वर्षानं सुरू होणाऱ्या आणि पुढे एक वर्ष चालणाऱ्या कर्जाचा दर आजच्या किमतींनीच ७.४३ टक्के ठरवून ठेवला आहे. तसाच तिसऱ्या वर्षाचा दर ८७.५० भागिले ८१, म्हणजे ८.०२ टक्के.

इथे एक गोष्ट खटकते. स्पॉट दर ६.३८ वरून ६.९० वर गेला, म्हणजे फरक अर्ध्या टक्क्याचा. मग फॉरवर्ड एकदम ७.४३ कसा? क्रिकेटचा स्कोअरबोर्ड आठवा. पहिल्या ओव्हरमध्ये ६ धावा झाल्या, दुसरीत ७, तिसरीत ८. सरासरी ६, मग साडेसहा, मग ७ अशी हळूहळू चढते. स्पॉट दर ही सरासरी आहे आणि फॉरवर्ड दर म्हणजे त्या एकाच ओव्हरच्या धावा. सरासरी वर ओढायची तर नवी ओव्हर सरासरीच्या वर जावीच लागते. म्हणून स्पॉट दर मुदतीबरोबर चढत असतील तर फॉरवर्ड त्यांच्या वर असतात आणि उतरत असतील तर खाली. फरक इतकाच की इथली सरासरी चक्रवाढीची आहे: १.०६३८ गुणिले १.०७४३ केलं की तेच १.१४२९ परत येतात.

७.४३ हा आकडा नुसता कागदावरचा नाही, तो खरोखर हाती धरता येतो. समजा, एखाद्या संस्थेला वर्षभरानं शंभर रुपये मिळणार आहेत आणि ते पुढचं एक वर्ष गुंतवायचे आहेत. तेव्हाचा दर आजच पक्का करायचा आहे. तिनं एक वर्षाचा एक रोखा विकायचा, म्हणजे आज ९४ रुपये हातात येतात. त्याच ९४ रुपयांत दोन वर्षांचे १.०७४३ रोखे बसतात, ते घ्यायचे. आज खिशातून काहीच गेलं नाही. वर्षभरानं विकलेल्या रोख्याचे १०० रुपये द्यायचे, ते येणाऱ्या पैशांतून भागतात. दोन वर्षांनी १०७.४३ हातात येतात. मधल्या वर्षात बाजारभाव कुठेही जावो, शंभराचे १०७.४३ झाले. बाजारात हा दर कोणी वेगळा सांगत असेल, तर त्याच्याकडे एक बाजू करायची, रोख्यांत दुसरी, आणि फरक खिशात घालायचा. असे करणारे पुष्कळ असतात, म्हणून फरक फार काळ टिकत नाही. रोखा उसना घेऊन विकण्याचा आणि खरेदी-विक्रीच्या भावांमधल्या अंतराचा खर्च मात्र असतो, तेवढी फट राहते.

मग पुढच्या वर्षी व्याज ७.४३ टक्के असेल, असं बाजार म्हणतो आहे का? इथेच बहुतेकांची गफलत होते. या दरात अंदाज असतो, पण त्याच्यासोबत दुसरंही काही मिसळलेलं असतं. दोन वर्षांचा रोखा घेणाऱ्याला धास्ती असते की मधेच विकायची वेळ आली तर भाव पडलेला असेल. त्या जोखमीसाठी तो थोडं जास्त मागतो. बाजाराला प्रत्यक्षात दर ७ टक्केच राहील असं वाटत असूनही फॉरवर्ड ७.४३ दिसू शकतो. उलट, विमा कंपन्यांसारख्या ग्राहकांना लांब मुदतीचे रोखे हवेच असतील, तर हा अधिभार आटतो, कधी उलटाही होतो. अंदाज किती आणि अधिभार किती, हे किमती सांगत नाहीत. म्हणून ७.४३ ही भविष्यवाणी न मानता बरोबरीची रेषा मानावी. दुसऱ्या वर्षी दर याच्या वर जाईल अशी तुमची खात्री असेल, तर एक वर्षाचा रोखा घेऊन थांबण्यात अर्थ आहे. ‘दर वाढतील’ एवढं म्हणणं पुरत नाही. तो ६.३८ चा ७ झाला, तरी थांबणारा तोट्यातच राहिला.

दुसरी अडचण किमतींच्या खरेपणाची. भारतात ट्रेझरी बिलांचे व्यवहार भरपूर होतात, स्ट्रिप्सचे त्या मानानं फारच थोडे. त्यामुळे वर्षाच्या पुढचे शून्य कूपन भाव बहुतेक वेळा व्याज देणाऱ्या रोख्यांतून एकेक पायरी चढत काढावे लागतात. समजा, वर्षाला ७ रुपये देणारा दोन वर्षांचा रोखा १००.२१ ला आहे. वर्षभरानं येणाऱ्या ७ रुपयांची आजची किंमत आपल्याला माहीत आहे: ७ गुणिले ०.९४, म्हणजे ६.५८. ती वजा केली की ९३.६३ उरतात. ही दोन वर्षांनी येणाऱ्या १०७ रुपयांची आजची किंमत. १०७ नं भागा, रुपयाला साडेसत्याऐंशी पैसे मिळतात. मग तीन वर्षांचा रोखा घ्यायचा आणि पुढची पायरी चढायची. आपल्याकडचे सरकारी रोखे सहामाही व्याज देतात, म्हणून खऱ्या हिशेबात पायऱ्या सहा महिन्यांच्या असतात.

या शिडीची एक खोड आहे. खालच्या पायरीतली चूक वर जाते आणि फॉरवर्ड दरात मोठी होऊन दिसते. आपल्या तीन वर्षांच्या रोख्याचा शेवटचा व्यवहार जुना आहे आणि खरा भाव ८१ ऐवजी ८१.२५ असायला हवा, असं धरा. चूक पंचवीस पैशांची. स्पॉट दर ७.२८ वरून ७.१७ वर येतो, फारसं कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण तिसऱ्या वर्षाचा फॉरवर्ड ८.०२ वरून ७.६९ वर घसरतो. तीन वर्षांच्या सरासरीतली चूक एकट्या तिसऱ्या वर्षावर पडली म्हणून ती तिप्पट झाली. दहाव्या वर्षी ती सुमारे दहापट होईल.

पण याच खोडीचा उपयोगही होतो. स्पॉट दरांची रेघ गुळगुळीत दिसते आणि शिळे भाव पोटात लपवते. फॉरवर्ड दर ओळीनं मांडले की ते लगेच उघडे पडतात. सातवं वर्ष ७.६, आठवं ८.९, नववं ७.१ असं काही दिसलं, तर बाजाराला आठव्या वर्षी काही विशेष घडेल असं वाटतं, हा निष्कर्ष काढू नका. आठ वर्षांच्या रोख्याचा भाव जुना किंवा चुकीचा आहे, हीच शक्यता जास्त. ओळीत एखादा फॉरवर्ड उणे निघाला, म्हणजे लांबचा रोखा जवळच्यापेक्षा महाग दिसला, तर आधी आकडे पुन्हा तपासा. या त्रासामुळेच जाणकार प्रत्येक भावातून रेघ ओढत नाहीत. थोडी चूक पत्करून सगळ्या भावांच्या मधून जाणारी सौम्य वक्ररेषा बसवतात आणि फॉरवर्ड दर तिच्यावरून वाचतात.

आता बँकेतल्या पाटीपुढे उभे राहा. वर्षाच्या एफडीला साडेसहा आणि दोन वर्षांच्या एफडीला ६.९० असं लिहिलं आहे, दोन्ही वर्षाचे चक्रवाढ दर. १.०६९ चा वर्ग करा आणि १.०६५ नं भागा. १.०७३० येतात. थांबायचं असेल, तर पुढच्या वर्षी हीच बँक एक वर्षासाठी ७.३० टक्क्यांहून जास्त देईल असं तुम्हाला वाटायला हवं. हिशेब थोडा सैल आहे, कारण एफडी दंड भरून मोडता येते आणि कर दरवर्षी लागतो. पण घरातल्या वादाला आता एक ठरलेली रेषा मिळाली. वाढेल की उतरेल यावर भांडण्याऐवजी ७.३० च्या वर जाईल का, एवढंच विचारायचं.